कासमचाचाने न उघडलेली टोपणं

जुन्नरचा कासमचाचा काच ऐकतो, असं आमच्याकडे कौतुकानं सांगतात. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, "ठीक हाय" म्हणायचं. चाळीस वर्षं याच्यावर नाव कमावलं. मला या कौतुकाचा रागच यायचा.

पेठजवळच्या मंगल कार्यालयाच्या माडीवरचं काचेचं रेलिंग त्यानंच बसवलेलं. दर सहा महिन्यांनी तपासणीच्या कागदावर सहीही त्याचीच. यंदा मालक सुदर्शनशेठला इंजिनिअरचा सुरक्षा अहवाल हवा होता, म्हणून मी गेले. त्या दिवशी साडेबाराचा मुहूर्त होता. अक्षता टाकायला बायका माडीवर चढतात आणि रेलिंगवर रेलून वाकतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी दहालाच पोचले.

काच बारा मिलिमीटर, टफन्ड म्हणजे तापवून कडक केलेली, पण एकेरी. फुटली तर सगळी दाणे होऊन खाली. दोन थरांची, मधे प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली लावली असती तर फुटूनही जागेवर राहिली असती. वर हात धरायला पाइपही नाही, कारण फोटोत आडवा येतो. गर्दीच्या जागी मीटरमागे सव्वादोनशे किलोचा आडवा रेटा धरतात, अंगच आपटलं तर वेगळा हिशेब. तो सगळा भार काचेखालच्या स्टीलच्या पायांवर आणि त्यांच्या बोल्टांवर, आणि बोल्ट तर चकचकीत टोपणांखाली झाकलेले.

"चाचा, टोपणं काढा."

"ताई, आवाज चोख हाय. टोपणं कशाला?"

"काढा."

त्यानं टोपण काढून बोल्टला पाना लावला. जोरही दिला नव्हता, तरी बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. दुसऱ्याचंही. आत तांबूस चिखल होता. हळदीचे डाग काढायला प्रत्येक लग्नानंतर फरशीवर अ‍ॅसिड ओतायचे, ते टोपणाखाली झिरपून बोल्ट खात होतं. काच ठणठणीत होती, म्हणून आवाजही चोख होता.

खाली वाजंत्री सुरू झाली. बायका जिन्याकडे निघाल्या. शेठ म्हणाला, "आजच्या दिवस चालवून घ्या." चाचा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आडवा बसला. नवरीची आजी लंकाबाई त्याला नाही नाही ते बोलली. तो हलला नाही. मी काचेखालच्या खुर्च्या रिकाम्या करून घेतल्या, मंडपवाल्याची दोरी बांधली आणि अहवालावर लिहिलं : माडी बंद.

मला वाटलं, संकट टळलं. चाचा मात्र पांढराफटक पडला होता.

"ताई, पारगावच्या हॉलातबी काच माझीच हाय. तिथंबी फरशी अशीच धुत्यात. मागल्या महिन्यात मी सही केली."

"तिथं आज लग्न आहे?"

"हाय. मुहूर्त हाच."

घड्याळात बारा वीस झाले होते. त्यानं तिथल्या मॅनेजरला फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. त्यानं पुन्हा लावला. तिथंही वाजंत्री चालू असणार, कुणाला ऐकू जात नसावं.