आधी गाल, मग दाढ

लातूरच्या दंत महाविद्यालयात मी तोंडाच्या रोगनिदानाच्या विभागात शिकवायचे, तेव्हा विद्यार्थ्यांना माझी धास्ती होती. असायलाच हवी होती. मी नांदेडची, तोंडाने फटकळ, आणि केस-पेपर उलटा लिहिलेला दिसला की माझं डोकं फिरायचं.

उलटा म्हणजे काय, ते सांगते. रुग्ण खुर्चीत बसला की आधी त्याची मुख्य तक्रार लिहायची, ती त्याच्याच शब्दांत. मग ते दुखणं कधीपासून, कसं, कशाने वाढतं, कशाने थांबतं. मग आधीचे दाताचे उपचार, बाकीचे आजार, औषधं, सवयी. मग चेहरा, जबड्याचा सांधा, गालाचे स्नायू, मानेतल्या गाठी. त्यानंतर तोंड उघडायचं, आणि तिथेही आधी ओठ, गाल, जीभ, टाळू, हिरड्या बघायच्या. दात सगळ्यात शेवटी. हे सगळं झाल्यावर तात्पुरतं निदान. आमची पोरं काय करायची? आरसा तोंडात घालून किडलेली दाढ शोधायची, खाली निदान लिहून टाकायची आणि मग वरच्या रकान्यांत त्या निदानाला शोभेल अशी माहिती भरायची!

त्यांचा तरी काय दोष म्हणा. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या होत्या. तिथे या पोरांना दोन वर्षं एकच घोकवलेलं असायचं, की प्रश्न वाचण्यात वेळ घालवू नका, आधी चार पर्याय बघा, तीन खोडा. त्या जोरावर तर ती आमच्याकडे आलेली. आता समोर माणूस बसला तरी ती पर्यायच शोधायची.

त्यातली एक मुलगी फार हुशार होती. देवणीकडची, शिकवणीत कायम पहिली आलेली. एका सकाळी तिच्या खुर्चीत एक बाई येऊन बसली. पन्नाशीची असेल. लातूरच्या भूकंपाला तेव्हा दहा-एक वर्षं होऊन गेली होती, आणि बाई त्याच पट्ट्यातल्या गावातून एसटीने आली होती. उजवा गाल तळव्याने दाबून धरलेला.

"लेकी, एवढी दाढ उपटून टाक. लई दुखायली. दोन काढल्या, तरी थांबंना."

आमच्या हुशार मुलीने आरसा घातला, खालच्या उजव्या दाढेत काळा खड्डा दिसला आणि झालं! पंधरा मिनिटांत पेपर माझ्या टेबलावर. दाढेच्या नसेला सूज, दाढ वाचवायला रुग्ण तयार नाही, काढण्यासाठी पाठवावी. खाली माझ्या सहीची जागा.

"गालाचे स्नायू दाबून पाहिलेस?" मी विचारलं.

"नॉर्मल आहेत, मॅडम."

"मी विचारलं काय, तू सांगतेस काय? हात लावलास का?"

ती पेपरातला रकाना बघायला लागली. मी उठले. खरं सांगते, मला पोरीपेक्षा त्या बाईची काळजी वाटली. त्या बाजूच्या दोन दाढा आधीच गेल्या होत्या. मी सही केली असती तर त्याच सकाळी तिसरी गेली असती, आणि चावायला त्या बाजूला काही उरलं नसतं.

"पेपर नवा घे," मी म्हटलं, "आणि मी इथे उभी आहे. पहिल्यापासून विचार."

पोरीचे कान लाल झाले होते, पण तिने स्टूल ओढलं. "मावशी, बोटाने दाखवा बरं, नेमकं कुठं दुखतं?"

बाईने बोट लावलंच नाही. पुन्हा सबंध तळवा गालावर ठेवला, कानापासून जबड्यापर्यंत. दाढेच्या नसेचं दुखणंही कधीकधी असं पसरतं, पण मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला काहीतरी खटकलं होतं. शाब्बास, मी मनात म्हटलं.

"गार पाण्याने कळ येते?"

"न्हाई."

"मग कधी जास्त दुखतं?"

"सकाळी उठल्यावर. तोंडच उघडंना. भाकर तोडताना कानापाशी दुखतंय. दुपारपर्यंत जरा सैल पडतंय."

मग तिने दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि बाईला दात आवळायला सांगितलं. उजवा स्नायू दगडासारखा टणक. नुसता दाबला तर बाई "आई गं!" करून खुर्चीतून उठलीच. तोंडात गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी कड उमटलेली, जिभेच्या काठावर दातांचे खड्डे, दाढांचे उंचवटे घासून सपाट. त्या किडक्या दाढेवर आरशाच्या दांड्याने ठोकून पाहिलं, दुखलं नाही. गार कापूस लावला, कळ आली तशी लगेच गेली, शेजारच्या चांगल्या दातासारखीच. खड्डा होता, पण वरवरचा. बिचारी दाढ नाहक फासावर चालली होती.

"मावशी, झोपेत दात आवळता का तुम्ही?"

बाई म्हणाली, "झोपेत न्हाई. जागीच आवळते. झोप लागू नये म्हणून."

"का बरं?"

"भूकंपाच्या रातीला गाढ झोपले व्हते. पोरगी आतल्या खोलीत व्हती. समदं पडल्यावर तिनं हाका मारल्या म्हणे, शेजारणीनं ऐकल्या. मला काढलं बाहेर, तवा मी बेसुद. मला एक बी हाक ऐकू आली न्हाई."

मुलीने पेन खाली ठेवलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, हळूच, कारण ओरडायची सोय उरली नव्हती. मग तिने तात्पुरतं निदान लिहिलं. दात आवळल्याने चावण्याच्या स्नायूंचं दुखणं. उजव्या खालच्या दाढेला वरवरची कीड, दुखण्याशी संबंध नाही. मी सही केली.

बाईला मात्र ते पटेना. "म्हंजे काढणार न्हाई का? एवढ्या लांबून आले की मी!" शेवटी एक्स-रे लावून दाखवला, दाढ भरून दिली, गाल शेकायला सांगितलं, मऊ खायला सांगितलं, आणि मापं घेऊन रात्री दातांवर घालायची पट्टी बनवली. ती कशी घालायची हे त्या मुलीने तिला आरशासमोर उभं करून तीनदा करायला लावलं. मनाच्या डॉक्टरांकडे जायचा विषय मी काढला, तर बाई म्हणाली, "मी काय येडी हाय का?" मी तो विषय तिथेच सोडला.

महिन्याभराने बाई तपासायला आली. मुलगी धावतच मला बोलवायला आली. गाल मऊ पडला होता, तोंड तीन बोटं सहज उघडत होतं. पोरीचा चेहरा असा फुललेला, की मलाही हसू आवरेना.

"मावशी, आता बरं वाटतंय ना?"

"गालाला बरं हाय," बाई म्हणाली. पट्टी तिने पदराच्या टोकात बांधून आणली होती, त्याची गाठ सोडत होती. "पर दुखायचं तवा ध्यान तिकडं ऱ्हायचं, लेकी. आता दुखत न्हाई, तर रातभर तिच्या हाका ऐकू यायल्यात. ज्या कधी ऐकल्याच न्हाईत त्या."

शेजारच्या खुर्चीत दुसरा रुग्ण येऊन बसला होता, बाहेर रांग होती. मुलीने हातमोजे काढले. स्टूल बाईच्या जवळ ओढलं, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय नाव होतं हो तुमच्या मुलीचं?"

बाईने नाव सांगितलं. मग म्हणाली, "एवढ्या वर्षांत कुणी इचारलंच न्हाई बघ."