नळीतलं पाणी

बॉयलरच्या भट्टीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवावा लागतो. तो उलटला, म्हणजे आतला दाब जास्त झाला, की ज्वाळा मिळेल त्या फटीतून बाहेर येते. हे मला पाठ होतं, परीक्षेत मी त्यावर आकृतीही काढली होती. फटीपाशी कोण उभं असतं हे मात्र आकृतीत नसतं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात भट्टीचा दाब सांभाळणारा कंट्रोलर आमचा होता. दाब मोजायचा, आणि धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्यापुढची झडप, म्हणजे डँपर, कमीजास्त करायची, एवढंच त्याचं काम. दाब तो सेकंदाला दहा वेळा मोजायचा.

आधीच्या हंगामात तक्रार होती की कंट्रोलर सुस्त आहे. ती खरी होती. सेन्सरचा सिग्नल कंट्रोलरच्या सर्किट कार्डावर शिरतो तिथे आम्ही एक फिल्टर ठेवला होता आणि तो इतका जड होता की दाब बदलल्याची बातमी कंट्रोलरला दोन-दोन सेकंद उशिरा कळायची. मग तो उशिरा धावायचा आणि पुढे निघून जायचा. मी फिल्टर हलका करायला हवा होता. मी काय केलं, तर फिल्टरचा कपॅसिटरच उपटून टाकला. सगळ्या कार्डांचा, एका दुपारी, हातात सोल्डरिंग गन घेऊन, मोठ्या ऐटीत. सिग्नल साफ करायचाच असेल तर प्रोग्रॅममध्ये सरासरी काढू, असं मी सहकाऱ्यांना ऐकवलं. त्यांनीही माना डोलावल्या, कारण आमच्यात हुशार मी.

नव्या हंगामात कारखान्यातल्या पडद्यावर दाबाची रेघ डुलायला लागली. दहा सेकंदांत एक लाट, पुन्हा दहा सेकंदांत एक. डँपरही तिच्यामागे उघडझाप करत होता. मी तिथे जाऊन सरासरी वाढवून पाहिली, लाट जागची हलली नाही. मी ठरवून टाकलं की बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, भट्टीत सारखा पडत नसावा.

दिवसपाळीला भट्टी सांभाळणारे फायरमन पन्नाशीचे, फौजेतून निवृत्त झालेले, रहिमतपूरकडचे. मी त्यांना काका म्हणायची. त्यांनी कंट्रोलर मॅन्युअलवर, म्हणजे हाताने चालवायच्या पद्धतीवर टाकला, डँपर एका जागी थांबवला आणि मला म्हणाले, "मॅडम, आता झडप हलत न्हाई. तरी तुमचा पडदा डुलतोयच. अन् हिकडं ह्या नळीत बघा, पाणी गप हाय."

भिंतीवर काचेची वाकडी नळी होती, निम्मी पाण्याने भरलेली. दाब दाखवायची ती जुनी पद्धत. मी म्हणाले, "काका, त्या नळीला बारीक बदल कळत नाहीत. सेन्सर जास्त अचूक आहे."

"आसंल," ते म्हणाले. "पण भट्टीबी गप हाय. जाळ बघतोय न्हवं मी."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चारचौघांत खाली बघायला लागल्याचा राग होता तो. ते वारंवार मॅन्युअल करत राहिले, म्हणून दोन दिवसांनी मी मॅन्युअलला पासवर्ड घातला. ऑटोवर राहिलं तरच कंट्रोलर नीट जुळवता येईल, असं कारखान्याच्या इंजिनिअर साहेबांना पटवलं. पटवण्यात मी पहिल्यापासून चांगली आहे.

चौथ्या दिवशी सकाळी बगॅस पडायच्या तोंडाशी चोथा तुंबला. तो सळईने मोकळा करायचा असतो, रोजचंच काम. काकांनी आधी मॅन्युअल मागितलं. पासवर्ड मिळाला नाही, कारण तो माझ्याकडे होता आणि मी सांगलीत होते. त्यांनी तसंच भट्टीचं दार उघडलं. डँपर लाटेमागे मिटत होता, धूर आतच कोंडला, दाब उलटला आणि ज्वाळा दारातून बाहेर आली. दोन्ही हात कोपरापर्यंत, आणि डावा गाल.

त्यांना मिरजेच्या इस्पितळात आणलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत जायचा धीर झाला नाही.

चौकशीला कारखान्याने माझ्याच कंट्रोलरचा आलेख काढला. दार उघडलं त्याआधीच्या मिनिटात दाब पाच-सहा वेळा वर गेलेला स्पष्ट दिसत होता. निष्कर्ष सरळ होता: पडद्यावर धोका दिसत असताना फायरमनने दार उघडलं, म्हणजे हलगर्जीपणा. त्यांना निलंबित केलं. कागदावर माझी सही हवी होती, आलेख बरोबर आहे म्हणून.

सही करण्याआधी मी डँपर एका जागी थांबवला आणि सेन्सरच्या तारांना ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची क्षणाक्षणाची रेघ दाखवणारं यंत्र, जोडला. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दहा सेकंदांची लाट तिथे नव्हतीच. होते ते बारीक, भराभर धक्के, सेकंदाला दहाला जरा कमी. धूर ओढणारा पंखा सेकंदाला नऊ पूर्णांक नऊ दशांश फेरे घेत होता आणि प्रत्येक फेऱ्याला हवेत एक हलका ठोका देत होता.

पंख्याच्या एका पात्याला खडूची खूण करा आणि डोळे मिटून सेकंदाला बरोबर दहा वेळा क्षणभर उघडा. दर वेळी पातं फेरा पुरा व्हायला थोडं कमी पडलेलं दिसेल. वाटेल, पंखा सावकाश उलटा फिरतोय, दहा सेकंदांत एक फेरा. माझ्या कंट्रोलरने असेच डोळे मिचकावले होते. ज्या कपॅसिटरने ते ठोके कार्डाबाहेरच अडवले असते तो मी उपटला होता. खोटी लाट एकदा मोजणीत शिरली की खऱ्या लाटेहून वेगळी काढता येत नाही. सरासरीने तर नाहीच. कंट्रोलर त्या खोट्या लाटेला दाबायला धावला आणि डँपर हलवून भट्टीत खरी लाट उठवली. रोग नव्हता, औषधाने केला.

मी सगळं लिहून दिलं, पासवर्डसकट. निलंबन मागे घेतलं. कार्ड आता सेकंदाला शंभर वेळा मोजतं, समोर हलका फिल्टर आहे, आणि दहा-दहा मोजण्यांची सरासरी घेऊनच आकडा पुढे जातो, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यातला चढउतार त्यातच मिटतो. उशीर जाणवत नाही. रेघ सरळ आहे. दोन दिवसांचं काम होतं ते.

मी काकांच्या घरी गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. बोटं मिटत नव्हती, कातडी ओढली गेली होती. काकूंनी चहा आणला आणि बशी त्यांच्या तोंडाला लावली. मी पंखा, ठोके, कपॅसिटर, सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मी माफीही मागितली.

मग ते म्हणाले, "त्यातलं मला काय कळत न्हाई. एकच सांगा. मी म्हनलं तवा तुमी नळीकडं बघितलंवतं का?"

पडद्यापासून नळी चार पावलांवर होती.

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि काकूंना बशी पुन्हा धरायला सांगितली.