इटलीची बोट

गंगापूर धरणावर आम्ही दोघंही पर्यटकांसाठी बोटी चालवायचो. माझ्या मित्राने जुनी स्पीडबोट घेतली आणि इटलीची आहे म्हणून सगळ्यांना सांगत सुटला. माझ्या पोटात दुखायला लागलं. विकणाऱ्याने फसवलं तर नाही ना, ही धाकधूक मात्र त्याला होती.

"तुला कळतं ना, नंबर बघ जरा," तो म्हणाला.

बोटीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे कोरलेला नंबर मी पुसला. पहिली दोन अक्षरं बनवणाऱ्याच्या देशाची असतात. 'सीएन', म्हणजे चीन, निघावं असं मला मनापासून वाटत होतं. निघालं 'आयटी'.

"चीनची आहे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एवढा उतरला की मला बघवेना.

"चुकलो रे, इटलीचीच आहे."

त्याने मला मिठी मारली. माझा जळफळाट काही शमला नाही.