फक्त चित्र येणारी वायर

माझ्या थोरल्या लेकीच्या टेबलावरचा दुसरा कॉम्प्युटर माझ्या डोक्यातून जात नाही. तो तिच्या बाबांचा. ते गेल्यापासून पाच महिने तिने तो बंदच केलेला नाही. ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. केव्हीएम स्विच आणून तिने त्यांचा आणि स्वतःचा कॉम्प्युटर एकाच मॉनिटर-कीबोर्डला जोडला. बटण दाबलं की बाबांनी तिला लिहायला घेतलेलं पत्र दिसतं, ‘चिमणे, तुला सांगायचं होतं की’ इथे थांबलेलं. पुढे कर्सर लुकलुकतो. अक्षर मात्र उमटत नाही.

“कीबोर्ड बिघडला का गं?” मी परवा विचारलं.

“नाही आई. या स्विचला खास वायर लागते. स्विचकडे एकच पिन, कॉम्प्युटरकडे दोन फाटे, एक चित्राचा, एक कीबोर्डचा. बाबांच्या कॉम्प्युटरला मी साधी मॉनिटरची वायर लावलीय. बसते तीही, पण तिच्यातून फक्त चित्र येतं.”

“स्वतःला बरी खास लावलीस! लोकांचं तासात दुरुस्त करतेस आणि घरचं असं?”

“कीबोर्ड चालला, तर पत्र सेव्ह करून बंद करावं लागेल ना.”

 आज ती कामावर आहे; तिला फोन करते. येताना ती खास वायर घेऊन ये म्हणते; पत्र सेव्ह करताना मी शेजारी बसेन.