५ जून नव्हे, ६ मे

दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळायचा. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर होते. पोरं प्रोग्राम लिहायची, मी त्यात खोट काढायचे. खोट सापडली की तिला बग म्हणायचं, यादीत चढवायचं आणि लिहिणाऱ्याच्या मागे लागायचं. या कामात मी वाईट नव्हते. खरं सांगायचं तर त्या कामाचा मला थोडा माजच चढला होता.

संध्याकाळी मात्र मी ब्लॉग लिहायचे. मी भंडाऱ्याकडची. पुण्यात आले तेव्हा कुठे राहायचं, मेसमध्ये कुठे जेवायचं, कोणता क्लास नुसता बोर्डपुरता आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं. मग सदाशिव पेठेतल्या खोलीत स्थिरावल्यावर वाटलं, आपण जे आपटून शिकलो ते लिहून ठेवावं. आमच्याकडच्या मुली वाचायच्या. ‘ताई’ म्हणून कमेंटमध्ये प्रश्न विचारायच्या. मी उत्तरं द्यायचे, आणि ती देताना मला फार बरं वाटायचं.

एका रविवारी मंडईतून येताना एका संस्थेच्या वसतिगृहाच्या दारावर नोटीस दिसली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मागासवर्गीय मुलींसाठी राहण्याची आणि अभ्यासिकेची फुकट सोय. एका हातात मेथीची जुडी धरून दुसऱ्या हाताने मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तो धुरकट फोटो बघत लेख लिहिला. नोटिशीत अंतिम तारीख छापली होती ०६/०५. मी लिहिलं, ५ जून.

हे कसं झालं ते आज सांगताना बावळटपणा वाटतो. आमचा क्लायंट अमेरिकन. त्याच्या तारखांमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर. त्या आठवड्यात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तारखांचेच रकाने तपासत होते. डोळ्यांना तेच वळण लागलं होतं. पुण्यातल्या दारावरची मराठी नोटीस, आणि तिच्यावरची तारीख मी अमेरिकेची वाचली.

पोस्ट चांगली चालली. कुणीतरी ती माझं नाव उडवून ईमेलने फॉरवर्डही केली आणि ती फिरत फिरत माझ्याच इनबॉक्समध्ये आली. मला राग येण्याऐवजी गुदगुल्या झाल्या. कमेंटही बऱ्याच आल्या. त्यातली एक गडचिरोलीकडच्या मुलीची होती. तिच्या गावात नेट नव्हतं. आठवड्याच्या बाजाराला तालुक्याला आली की कॅफेत बसायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. तिने विचारलं होतं, ‘ताई, जातीचा दाखला मिळायला अजून तीन आठवडे लागतील म्हणतात. ५ जूनच्या आत होईल ना?’ मी लिहिलं होतं, ‘नक्की होईल. घाबरू नकोस, भरपूर वेळ आहे.’

महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, एक निनावी कमेंट आली. खास पुणेरी. ‘अहो ताई, आपल्या कॅलेंडरात मे महिना नसतो वाटतं? नोटीस पुन्हा वाचायची तसदी घ्या. ६ मे आहे.’

मोबाइलवरचा फोटो काढून पाहिला. ०६/०५. कितीही वेळा पाहिलं तरी तेच. मग मी काय केलं? डबा तसाच उघडा ठेवून संगणकापाशी गेले, पोस्ट उघडली, ‘५ जून’ खोडून ‘६ मे’ लिहिलं, आणि ती खवचट कमेंट उडवून टाकली. दोन मिनिटांचं काम. आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. परत येऊन थंड पोळी खाल्ली.

दुपारी बैठक होती. माझ्याच यादीतला एक बग एका डेव्हलपरने परस्पर दुरुस्त केला होता. नोंद नाही, कारण नाही, कुणाला सांगणं नाही. वर मलाच म्हणत होता की असा बग नव्हताच, माझ्या मशिनवर तर चालतंय. मी तडकले. म्हटलं, काय बदललंस, कधी बदललंस आणि आधी काय होतं ते लिहिल्याशिवाय मी हा बंद करणार नाही. ज्यांनी चुकीचं वापरलं त्यांना कसं कळणार? तो खांदे उडवून म्हणाला, “पण मॅडम, आता बरोबर आहे ना?”

मी वही मिटली. बाकीच्यांना वाटलं, रागाने. मी लाजेने मिटली होती.

बस त्या दिवशी वाकडच्या चौकात अडकली ती अडकलीच. मी सीटवर नुसती चुळबुळत होते. शेजारची म्हणाली, “अगं, बरं नाही का?” मी काहीतरी पुटपुटले. माझ्या डोळ्यांपुढे ती पोस्ट येत होती. वर ६ मे, आणि खाली माझंच उत्तर: भरपूर वेळ आहे. ते उत्तरही उडवावं, असा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. उडवलं असतं तर सगळं गुळगुळीत झालं असतं. पण ज्यांनी पोस्ट आधीच वाचली, कागदावर तारीख उतरवून घेतली, त्या परत कशाला वाचायला येतील? ईमेलने पोस्ट घेणाऱ्यांना फक्त नवीन लेख जायचा, जुन्यातला बदल जायचा नाही. आणि ती फॉरवर्ड तर माझ्या हातातच नव्हती. म्हणजे दुपारी मी फक्त माझी बाजू सारवली होती. मुली जिथे होत्या तिथेच होत्या. सहा दिवस उरले होते.

खोलीवर न जाता मी सरळ कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले. पोस्टच्या अगदी डोक्यावर जाड अक्षरांत लिहिलं: ‘दुरुस्ती. या लेखात अर्जाची अंतिम तारीख आधी ५ जून अशी दिली होती. ती चूक होती. खरी तारीख ६ मे आहे. नोटिशीतले ०६/०५ हे आकडे मी ऑफिसच्या सवयीने अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचले. आज दुपारी मी कुणाला न सांगता तारीख बदलली आणि चूक दाखवणारी कमेंट काढून टाकली. तेही चूकच होतं.’ खाली लेखात ‘५ जून’ परत आणलं आणि त्यावर काट मारून शेजारी ‘६ मे’ लिहिलं. उडवलेली कमेंट परत आणता येत नव्हती, पण तिची प्रत माझ्या ईमेलमध्ये आलेली होती. ती जशीच्या तशी, ‘तसदी’सकट, चिकटवली आणि खाली आभार मानले. माझी जुनी उत्तरं ठेवली आणि प्रत्येकाच्या खाली नवं उत्तर लिहिलं. मग एक वेगळी छोटी पोस्ट टाकली, म्हणजे ती ईमेलवाल्यांना जाईल. शीर्षकातच तारीख. शेवटी त्या फॉरवर्डला सगळ्यांना उत्तर पाठवलं, की मूळ लेख माझा आहे आणि त्यातली तारीख चूक आहे. गडचिरोलीच्या मुलीला वेगळी ईमेल केली. फोन नंबर तिने दिलेलाच नव्हता.

लिहून झाल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. छे! पाच-पाच मिनिटांनी इनबॉक्स बघत बसले. कॅफेवाला म्हणाला, “ताई, पूर्ण तासाचे पैसे लावू का?”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच वसतिगृहात गेले. अधीक्षिका तिथेच राहायच्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, समोर अर्जांची चळत. मी दुरुस्तीची, खालच्या कमेंटसकट, छापील प्रत पुढे ठेवली आणि म्हटलं, माझ्यामुळे मुलींची फसगत झाली आहे, तारीख थोडी पुढे ढकलता येईल का?

त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

“नोटीस आमची. तारीख आमची. तुम्हाला कुणी सांगितलं होतं जाहिरात करायला?”

“कुणीच नाही.”

“मग? आपण चुकलात म्हणून मी तारीख हलवली, तर वेळेत अर्ज देणाऱ्या मुलींना काय सांगू?” त्यांनी परत कागदाकडे पाहिलं. “पण हे लिहून आणलंत हे बरं केलंत. पहिलं काय होतं तेही ठेवलंय. या कमेंट करणाऱ्या मुलींची नावं मला दिसतायत. यांचा अर्ज ६ तारखेपर्यंत पोचला तर दाखला मागाहून घेईन. अर्ज मात्र पोचला पाहिजे. फॅक्सनेही चालेल.”

मी जवळजवळ पळतच कॅफेत गेले आणि दुरुस्तीच्या खाली हे जोडलं, तारीख आणि वेळ घालून. परत सगळ्यांना ईमेल. त्यातल्या दोघींनी उत्तर दिलं आणि दोघींचे अर्ज पोचले. गडचिरोलीहून काहीच नाही. २ तारीख गेली, ३ गेली. ऑफिसात मी बग शोधण्याऐवजी इनबॉक्स उघडत होते. रागही यायचा, कधी तिच्या गावावर, कधी त्या कॅफेवर, आणि फिरून माझ्यावरच. ६ तारखेला संध्याकाळी वसतिगृहापर्यंत चालत गेले. अधीक्षिकांनी मान हलवली. त्या नावाचा अर्ज आला नव्हता.

९ मे रोजी दुरुस्तीच्या खाली तिची कमेंट आली.

‘ताई, गेल्या बाजाराला इथे लाइट नव्हती म्हणून नेटवर बसता आलं नाही. आज वाचलं. तारीख गेली. दाखला काल मिळाला. मी आणि बाबा येत्या सोमवारी तो घेऊन पुण्याला निघणार होतो, आता निघत नाही. तुमची ईमेलही वाचली. पुढच्या वर्षीची नोटीस लागली की कळवा. पण महिना अक्षरांत लिहा.’

मी ऑफिसातच होते. डोळे भरून आले, तसेच पुसले. तिच्या कमेंटखाली मी लिहिलं, ‘अक्षरांत लिहीन.’ त्यापुढे माफीचं एक वाक्य लिहिलं होतं, ते वाचून पाहिलं आणि खोडलं. माफीने तिचं वर्ष परत येणार नव्हतं. तिने मागितलं होतं तेवढंच ठेवलं.