झाकणाची बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे चाळणी. एकवीस वर्षं उपसंपादक. कंपन्यांची, संस्थांची प्रसिद्धीपत्रकं तिच्या टेबलावर यायची आणि निम्म्याहून कमी होऊन बाहेर पडायची. घरीही तेच. मुलीने नोकरीच्या अर्जात ‘अत्यंत मेहनती’ लिहिलं, तर हिने ते खोडून विचारलं, “काय केलंस ते लिही की.” मुलगी दोन दिवस बोलली नव्हती.

त्या मंगळवारी दुपारी वृत्तसंपादकांनी एक पत्रक पुढे सरकवलं. “औषध कंपनीचं आहे. आतल्या पानावर चार ओळी घे. चांगली बातमी आहे.”

चांगली बातमी म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडे.

पत्रक दोन पानी होतं. ‘बालआरोग्याच्या क्षेत्रात क्रांतिकारी पाऊल टाकत, आपल्या लोकप्रिय खोकल्याच्या औषधासाठी अभिनव, सुबक आणि पालकस्नेही मापाचे झाकण सादर करताना कंपनीला मनस्वी आनंद होत आहे.’ तिने पेन्सिल घेतली. क्रांतिकारी गेलं. लोकप्रिय, अभिनव, सुबक, पालकस्नेही गेले. मनस्वी आनंदही गेला, कारण कंपनीला आनंद झाला ही बातमी नव्हे. अध्यक्षांचं अवतरण अख्खं गेलं. मग तिच्या नेहमीच्या पद्धतीने तिने उरलेल्या मजकुरातली क्रियापदं, आकडे आणि तारखा अधोरेखित केल्या.

सातव्या परिच्छेदात एक वाक्य शिल्लक राहिलं. ‘तीन बॅचमधील बाटल्यांची झाकणे औषध दुकानांत विनामूल्य बदलून दिली जातील.’

ती थबकली. नवीन झाकण आणलं, तर पुढच्या बाटल्यांना लावा. विकलेल्या बाटल्यांची कशाला बदलून देता? आणि तीनच बॅच का?

पत्रकाखालच्या नंबरवर तिने फोन लावला. प्रसिद्धी विभागातल्या बाईंचा आवाज तरुण आणि सावध होता.

“जुनी झाकणं का बदलताय?”

“ग्राहकांच्या सोयीसाठी.”

“जुन्याने औषध दिलं तर चालेल?”

“प्रश्न मेलवर पाठवा, उत्तर देऊ.”

चाळणीने प्रश्न पाठवला आणि खालच्या औषधाच्या दुकानातून एक बाटली आणली. तिचा बॅच क्रमांक पत्रकात दिलेल्या तीनपैकीच एक होता. सोबत पाच मिलीची सिरिंज. झाकणात पाचच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि सिरिंजने ओढून घेतलं. सिरिंज भरली तरी झाकणात पाणी उरलंच. पुन्हा मोजलं. जवळपास सात मिली.

“एका बाटलीवरून छापायचं नाही,” वृत्तसंपादक म्हणाले. आता तेही खुर्चीच्या कडेला आले होते.

“छापत नाहीच. आता त्यांना थेट विचारते.”

तिने दुसरा मेल पाठवला: रेघ चुकली आहे का, हो किंवा नाही. सात वाजता उत्तर आलं. ‘काही झाकणांवरील चिन्हांत तफावत आढळली आहे.’ म्हणजे हो. एका बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, सांगितलेल्यापेक्षा जास्त औषध जातंय. बाळ फार सुस्त वाटलं तर डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर हे झाकण वापरू नका.

बातमी पहिल्या पानावर लागली. पहिलं वाक्य असं: ‘खोकल्याच्या एका औषधाच्या तीन बॅचमधील झाकणांवर मापाची रेघ चुकीची असून, पालकांनी ती झाकणे वापरू नयेत.’ त्याखाली औषधाचं नाव, बॅच क्रमांक, ते बाटलीवर कुठे सापडतील, झाकण कुठे बदलून मिळेल. क्रांती वगैरे कुठेच नव्हती. सकाळी दुकानांसमोर आईबाप बाटल्या घेऊन उभे होते.

दुपारी त्याच प्रसिद्धीवाल्या बाईंचा फोन आला. चाळणी भांडणाच्या तयारीत बसली.

“ताई, माझं पहिलं वाक्य तुमच्यासारखंच होतं,” त्या हळू म्हणाल्या. “वर पाच जणांकडे गेलं. प्रत्येकाने एकेक शब्द घातला, आणि ते वाक्य खाली खाली सरकलं.”

असं नंतर कुणीही म्हणेल, चाळणीच्या मनात आलं. “तो मसुदा पाठवाल?”

“माझं नाव कुठे येणार नाही ना?”

“नाही येणार.”

मसुदा आला. एकच परिच्छेद, आणि पहिल्याच ओळीत ‘चुकीची रेघ’. बाई खरं बोलत होत्या. चाळणीला त्यांच्यावर संशय घेतल्याची जराशी लाज वाटली. मग सवयीप्रमाणे तिची नजर वरच्या तारखेवर गेली.

मसुदा तीन आठवड्यांपूर्वीचा होता.

ती उठून वृत्तसंपादकांच्या टेबलाशी गेली. “उद्यासाठी जागा ठेवा,” ती म्हणाली. “त्यांना कधीपासून माहीत होतं, ते विचारायचंय.”