बस्त्यातली चूक

हिंदमाताच्या कापडबाजारातल्या एका दुकानात दर्शना सावंतने सोळा वर्षं साड्या विकल्या, पण स्वतःबद्दल चार वाक्यांत सांगायची वेळ आली तेव्हा ते तिला जमेना. परळच्या एका मोठ्या कापड-दालनात सुपरवायझरची जागा निघाली होती. वय बेचाळीस. ही संधी हुकली तर उरलेली वर्षं काउंटरमागेच काढावी लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिची जुनी गिऱ्हाईक कॅरिसा एका कंपनीत माणसं निवडायचं काम करी. दादरच्या आपल्या घरी तिने दर्शनाला तयारीला बसवलं.

"ते विचारतील, तुमची चूक झाली असा प्रसंग सांगा. आधी परिस्थिती, मग तुम्ही काय केलं, मग त्यातून काय झालं."

दर्शनाने लग्नाच्या बस्त्याचा प्रसंग काढला. नवरीची मामी का रुसली, आत्याला कुठला रंग नको होता, सगळं आलं. पाच मिनिटं झाली तरी चूक काही आली नाही. बस्ता विकताना हीच बडबड तिचं भांडवल होती, इथे तीच आडवी आली.

"ताई, परिस्थिती दोन वाक्यांत. जास्त वेळ तुम्ही काय केलं त्याला द्या."

"दोन घरांचे बस्ते होते. गठ्ठे मी अदलाबदल केले. मालक म्हणाले, गठ्ठे बांधणाऱ्या रघुकाकांचं नाव सांग, ते आता निवृत्तच होतायत. मी नाही सांगितलं."

कॅरिसाने नकारार्थी मान हलवली. "मालकाचं नको काढायला. जुन्या मालकाची तक्रार कोणाला आवडत नाही. त्यापेक्षा छोटी चूक घेऊ, एखादं बिल चुकलेलं वगैरे."

"बिल माझं कधीच चुकलं नाही. खोटं कशाला सांगू?" दर्शना फणकारली. "मालकाचं आपणहून काढणार नाही. पण चूक माझी, ती मीच सांगणार."

मुलाखतीत समोर दोघं होती, एक साहेब आणि एक बाई. तिने दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली. मग सांगितलं की तासाभरात दोन्ही घरी फोन केला, संध्याकाळी स्वतः वडाळ्याला आणि गिरगावात जाऊन गठ्ठे बदलून दिले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गठ्ठ्यावर पार्टीचं नाव लिहून घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायला सुरुवात केली. सहा वर्षांत पुन्हा एकही अदलाबदल नाही.

तिथला साहेब पुढे वाकला. "वरिष्ठांनी चूक दुसऱ्यावर ढकलायला सांगितली असती तर?"

दर्शनाला कॅरिसाचा सल्ला आठवला. पण विचारलं होतं त्यानेच.

"सांगितली होती. मी नाही ढकलली. त्यापायी माझी रविवारची सुट्टी वर्षभर बंद झाली."

"आमच्याकडेही तसंच कराल?"

"हो. आणि माझ्या हाताखालच्या मुलींनाही तेच शिकवेन. ते चालणार नसेल तर आत्ताच सांगा साहेब, मी माझ्या काउंटरवर परत जाते."

साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाजूच्या बाईंकडे सरकवलं. बाईंनी ते वाचून दर्शनाला विचारलं, "एक तारखेपासून येऊ शकाल?"

"येईन," दर्शना म्हणाली. "पण रविवारची सुट्टी आधी लिहून द्या."